एक आकडा नाही, तीन आकडे: विमा कंपनीला लिहिलेल्या एका पत्राची गोष्ट

आजचा भाग एका पत्राबद्दल आहे. हे पत्र आमच्या ऑफिसने एका विमा कंपनीला लिहिलं होतं. विषय होता थकलेलं ब्रोकरेज आणि न जुळणारं कमिशन स्टेटमेंट. ऐकायला रुक्ष वाटेल, पण त्या फेब्रुवारीत आमच्या अकरा जणांचा पगार दोन हप्त्यांत झाला होता तो याच पैशांमुळे. म्हणून मला तरी ते अजिबात रुक्ष वाटलं नाही.

आधी थोडी ओळख. मी बीटेक करून सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि चिंचवड स्टेशनजवळच्या एका विमा ब्रोकरच्या ऑफिसात काम करतो. आमचे ग्राहक म्हणजे भोसरी, चाकण, तळेगावकडचे छोटे-मध्यम कारखाने. कुणी फोर्जिंग करतं, कुणी प्लास्टिकचे पार्ट बनवतं, कुणाचे ट्रक आहेत. त्यांची आगीची पॉलिसी, मालवाहतुकीची पॉलिसी, कामगारांची ग्रुप मेडिक्लेम, असं सगळं आम्ही बघतो. पॉलिसींचं रजिस्टर सांभाळणारी सिस्टीम मी लिहिली आहे. त्यामुळे हिशोब जुळेना, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडेच बघितलं.

ब्रोकर आणि एजंट यांच्यात बरेच जण गल्लत करतात, ती आधी दूर करू. एजंट विमा कंपनीच्या वतीने काम करतो. ब्रोकर काम करतो ग्राहकाच्या वतीने. त्याला इर्डाचं, म्हणजे हैदराबादच्या विमा नियामक प्राधिकरणाचं लायसन्स लागतं. तो चार कंपन्यांकडून कोटेशन घेतो, अटी वाचतो, क्लेम आला तर ग्राहकाच्या बाजूने उभा राहतो. पण त्याचे पैसे मात्र विमा कंपनी देते. म्हणजे काम एकाचं आणि मोबदला दुसऱ्याकडून. हे डोक्यात ठेवा, पुढे पत्रात त्याचा संबंध येणार आहे.

पैसे कसे येतात? ग्राहक प्रीमियम थेट विमा कंपनीला भरतो. कंपनी पॉलिसी काढताना सिस्टीममध्ये ब्रोकरचा कोड टाकते. त्या कोडवर जेवढ्या पॉलिसी पडल्या, त्यांचं कमिशन स्टेटमेंट कंपनी ब्रोकरला पाठवते. ब्रोकर त्या स्टेटमेंटप्रमाणे बिल काढतो, त्यावर 18 टक्के जीएसटी लावतो. कंपनी टीडीएस कापून उरलेली रक्कम देते. यात गंमत अशी की किती पैसे येणं आहे हे आधी सांगते ती देणारी पार्टी. तुमच्या रजिस्टरमध्ये काहीही असो, बिल स्टेटमेंटशी जुळलं नाही तर ते त्यांच्या अकाउंट्समध्ये अडकतं.

आता आमची केस. ऑक्टोबर ते डिसेंबर 2024 या तीन महिन्यांचं स्टेटमेंट आम्हाला एकदम 6 जानेवारीला आलं. त्यात एकूण ब्रोकरेज होतं 7 लाख 12 हजार. आमच्या रजिस्टरप्रमाणे ते व्हायला हवं होतं 9 लाख 40 हजार. म्हणजे 2 लाख 28 हजारांचा फरक. आमच्या अकाउंट्सच्या ताईंनी 8 तारखेला 7 लाख 12 हजारांचं बिल पाठवलं आणि उरलेल्याबद्दल फोनाफोनी सुरू केली. जानेवारी संपला, पैसे नाहीत. फेब्रुवारी अर्धा झाला, पैसे नाहीत.

तेव्हा आमच्या सरांनी रागात पहिलं पत्र लिहिलं. सर म्हणजे आमचे मालक आणि इर्डाच्या भाषेत प्रिन्सिपल ऑफिसर. पत्राचा सारांश असा होता: आमचे 9 लाख 40 हजार रुपये तुमच्याकडे थकले आहेत, वारंवार सांगूनही तुम्ही दुर्लक्ष करता, सात दिवसांत पैसे द्या, नाहीतर आम्हाला आमच्या रिन्युअल दुसरीकडे न्याव्या लागतील.

चार दिवसांनी उत्तर आलं, दोनच ओळींचं. आपण कळवलेली रक्कम आमच्या नोंदींशी जुळत नाही. कृपया हिशोब जुळवून घ्यावा, तोपर्यंत पेमेंट थांबवण्यात आलं आहे.

सर भयंकर चिडले. पण मी ते उत्तर दोनदा वाचलं आणि मला वाटलं, त्यांचं चुकलंय कुठे? आपणच सांगितलं की 9 लाख 40 हजार. त्यांच्याकडे आहेत 7 लाख 12 हजार. रक्कम खरंच जुळत नाही. पैसे उशिरा देणं ही त्यांची चूक होती. पण आम्ही उशीर आणि मतभेद एकाच आकड्यात घातले, आणि जे 7 लाख त्यांना मान्यच होते, तेही थांबवायला त्यांच्या हातात एक रीतसर कारण दिलं. आजच्या भागात मला सांगायची आहे ती मुख्य गोष्ट हीच. बाकी सगळं तिच्याभोवती आहे.

मग मी सरांना म्हटलं, मला दोन दिवस द्या, 2 लाख 28 हजार नक्की कशाचे आहेत ते शोधतो.

पहिला दिवस तर एका मूर्ख चुकीत गेला. विमा कंपन्यांचे पॉलिसी नंबर लांबलचक असतात, सोळा, अठरा, वीस अंकी. ती फाईल तुम्ही सरळ एक्सेलमध्ये उघडली की एक्सेल त्याला आकडा समजतं. एक्सेल आकड्यातले पहिले पंधरा अंकच जपून ठेवतं, पुढच्या अंकांचे शून्य करून टाकतं. मग शेवटच्या तीन-चार अंकांतच फरक असलेल्या दहा पॉलिसी एकाच नंबरच्या दिसायला लागतात. ताई दोन आठवडे ज्या शीटवर डोकं फोडत होत्या, त्यातले निम्मे "सापडत नाही" हे असेच होते. म्हणून पहिला नियम: पॉलिसी नंबर हा आकडा नाही, मजकूर आहे. मी दोन्ही फाईली अशा वाचल्या:

```python
st = pd.read_csv("statement.csv", dtype=str)
us = pd.read_csv("register.csv", dtype=str)
m = us.merge(st, on=["policy_no", "endt_no"],
             how="outer", indicator=True)
```

यात दोन गोष्टी बघा. जुळवणी फक्त पॉलिसी नंबरवर नाही, एन्डोर्समेंट नंबरवरही आहे. कारण वर्षाच्या मधे कामगार वाढले, मशीन वाढलं, तर त्याच पॉलिसीवर जादा प्रीमियम येतो आणि त्याचं ब्रोकरेज वेगळ्या ओळीत दिसतं. दुसरं म्हणजे `how="outer"`. आपल्याकडे आहे पण त्यांच्याकडे नाही, आणि त्यांच्याकडे आहे पण आपल्याकडे नाही, दोन्ही बाजू दिसायला हव्यात. फक्त आपल्या फायद्याची बाजू शोधली तर तो हिशोब होत नाही.

हे करून जुळलेल्या ओळींतल्या रकमाही ताडून बघितल्यावर जवळजवळ सगळ्या ओळी जुळल्या. उरल्या तीन. फक्त तीन पॉलिसी, आणि तिघींची कारणं वेगवेगळी.

पहिली चाकणच्या एका कारखान्याची आगीची पॉलिसी. जीएसटी सोडून प्रीमियम 8 लाख, ब्रोकरेज साडेबारा टक्के, म्हणजे आमच्या हिशोबाने 1 लाख. स्टेटमेंटमध्ये होते 60 हजार. पॉलिसीचं शेड्यूल काढून बघितलं तर ती को-इन्शुरन्सची निघाली. म्हणजे जोखीम दोन कंपन्यांनी वाटून घेतलेली, या कंपनीकडे 60 टक्के आणि दुसऱ्या एका कंपनीकडे 40 टक्के. या पॉलिसीत प्रत्येक कंपनी आपापल्या वाट्याचंच ब्रोकरेज देणार असं ठरलं होतं. आमच्या रजिस्टरमध्ये को-इन्शुरन्सचा कॉलमच नव्हता. मीच ठेवला नव्हता. म्हणजे हे 40 हजार या कंपनीकडून येणं नव्हतंच, ते दुसऱ्या कंपनीकडे मागायचे होते. पहिल्या पत्रात आम्ही चुकीच्या माणसाकडे पैसे मागितले होते, आणि तेही दमदाटीच्या भाषेत.

दुसरी एका ऑटो पार्ट कारखान्याची मालवाहतुकीची ओपन पॉलिसी. प्रीमियम 6 लाख 40 हजार, दर 15 टक्के, ब्रोकरेज 96 हजार. ही स्टेटमेंटमध्ये नव्हतीच. शेड्यूल उघडलं तर मध्यस्थाच्या रकान्यात आमच्या नावाऐवजी लिहिलं होतं "डायरेक्ट". मागच्या वर्षी पॉलिसी एका शाखेतून निघाली होती, या वर्षी रिन्युअल दुसऱ्या शाखेतून निघालं आणि तिथल्या माणसाने कोडच टाकला नाही. त्यांच्या सिस्टीमच्या दृष्टीने हा ग्राहक स्वतः चालत आला होता. आमच्याकडे मात्र ग्राहकाचं मँडेट लेटर होतं, म्हणजे "आमच्या विम्याचं काम हे ब्रोकर बघतील" असं सही-शिक्क्याचं पत्र. त्यावरची तारीख रिन्युअलच्या आधीची होती. शिवाय कोटेशन मागितल्याचा आमचा मेल आणि त्या शाखेनेच आम्हाला पाठवलेलं कोटेशन, हेही होतं.

तिसरी खरी डोकेदुखी. एका कारखान्याची ग्रुप मेडिक्लेम, प्रीमियम 36 लाख 80 हजार. आमच्या मते दर साडेसात टक्के, म्हणजे 2 लाख 76 हजार. स्टेटमेंटमध्ये दर पाच टक्के, म्हणजे 1 लाख 84 हजार. फरक 92 हजारांचा.

40, 96 आणि 92. बेरीज 228. हिशोब लागला.

या तिसऱ्या भानगडीची मुळं 2023 मध्ये आहेत, म्हणून दोन मिनिटं तिकडे जाऊ. त्याआधी इर्डाने प्रत्येक प्रकारच्या विम्यासाठी कमिशनची कमाल टक्केवारी ठरवून दिलेली असायची. 1 एप्रिल 2023 पासून ती गेली. आता जनरल इन्शुरन्स कंपनीचा सगळा व्यवस्थापन खर्च, कमिशन धरून, वर्षाच्या एकूण प्रीमियमच्या 30 टक्क्यांच्या आत राहिला पाहिजे. त्या मर्यादेत कुणाला किती कमिशन द्यायचं हे कंपनीने आपल्या संचालक मंडळाच्या धोरणाप्रमाणे ठरवायचं. 2024 च्या नियमांतही हीच रचना राहिली. ब्रोकरला याचा फायदा झाला आणि तोटाही. फायदा असा की दर वाढू शकतो. तोटा असा की पूर्वी भांडण झालं तर नियमाचा तक्ता समोर ठेवता यायचा, आता दर काय होता याचा पुरावा म्हणजे तुमच्यात आणि कंपनीत झालेला लेखी व्यवहार, एवढंच. कंपनी आपला दरांचा तक्ता, ज्याला धंद्यात सगळे ग्रिड म्हणतात, वर्षाच्या मधेही बदलू शकते.

आमच्या केसमध्ये तेच झालं. शाखेच्या अधिकाऱ्याने 22 ऑक्टोबरला मेलवर साडेसात टक्के कबूल केले. ग्राहकाने प्रीमियम 28 ऑक्टोबरला भरला. पॉलिसी सुरू झाली 1 नोव्हेंबरला. आणि 4 नोव्हेंबरला नवं ग्रिड मेलवर आलं, त्यात लिहिलं होतं की हे दर 1 नोव्हेंबरपासून लागू. आता दर कुठल्या तारखेचा धरायचा? कबुलीच्या, पैसे भरल्याच्या की पॉलिसी सुरू झाल्याच्या? आम्हाला आमचं बरोबर वाटतं, त्यांना त्यांचं. यात कुणी चोर नाही, पण मतभेद खरा आहे.

आता मी सरांसमोर तीन ढीग ठेवले. पहिला, 7 लाख 12 हजार, जे त्यांना मान्य आहेत आणि फक्त दिलेले नाहीत. दुसरा, 96 हजार, जिथे मतभेद नाही, फक्त नोंदीची चूक आहे. तिसरा, 92 हजार, जिथे खरा वाद आहे. आणि 40 हजार आपली चूक, ते काढून टाकायचे. सर थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "अरे, पण पहिल्या ढिगासाठी त्यांना मान्य आहे हे कशावरून? ते तर म्हणतात जुळत नाही."

याचं उत्तर ताईंनी दिलं. त्यांनी इन्कम टॅक्सच्या पोर्टलवरून आमच्या कंपनीचं 26AS काढलं. विमा कमिशनवर तेव्हा कलम 194D खाली टीडीएस कापला जायचा, आमच्यासारख्या कंपनीला तो 10 टक्के होता. आणि तो कधी कापायचा? पैसे देताना किंवा खात्यावर जमा दाखवताना, यातलं जे आधी होईल तेव्हा. म्हणजे पैसे दिले नसले तरी त्यांच्या वहीत आमच्या नावावर रक्कम टाकली की टीडीएस भरावाच लागतो. आमच्या 26AS मध्ये ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरच्या तीन नोंदी होत्या. बेरीज बरोबर 7 लाख 12 हजार, कापलेला कर 71 हजार 200. म्हणजे सरकारला त्यांनी सांगून टाकलं होतं की ही रक्कम या ब्रोकरची आहे. फक्त ब्रोकरला द्यायची राहिली होती.

मित्रांनो, तुम्ही फ्रीलान्सिंग करत असाल तर हे तुमच्याही कामाचं आहे. देणारा "तपासतोय, तपासतोय" म्हणत असेल तर 26AS बघा. ऑक्टोबर ते डिसेंबरचं टीडीएस रिटर्न भरायची मुदत 31 जानेवारी असते, त्यामुळे नोंदी साधारण फेब्रुवारीत दिसायला लागतात.

पहिल्या ढिगासाठी अजून एक आधार होता. आमची कंपनी लघु उद्योग म्हणून उद्यम पोर्टलवर आधीपासून नोंदलेली आहे आणि बिलावर तो नंबर छापलेला असतो. 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, करारात काहीही लिहिलं असलं तरी. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. मार्च 2025 मध्ये बँक रेट 6.50 टक्के होता, म्हणजे व्याज साडेएकोणीस टक्के.

पण या कायद्यात एक बारीक मेख आहे. 45 दिवस मोजायचे ते माल किंवा सेवा स्वीकारल्यापासून. समोरच्याने पंधरा दिवसांच्या आत लेखी हरकत घेतली, तर ती हरकत दूर होईपर्यंत घड्याळ सुरू होत नाही. पंधरा दिवस गप्प बसला तर स्वीकारलं असं धरलं जातं. आता बघा, ताईंनी 8 जानेवारीला 7 लाख 12 हजारांचंच बिल पाठवलं होतं, त्यांच्याच स्टेटमेंटवरून. त्यावर पंधरा दिवसांत कुणीच हरकत घेतली नाही. त्यामुळे 8 जानेवारीपासून धरलं तरी 45 दिवस 22 फेब्रुवारीला संपले. हेच बिल 9 लाख 40 हजारांचं असतं तर हरकत नक्की आली असती, आणि योग्यही ठरली असती. ताईंचं ते साधं बिल सरांच्या जोरदार पत्रापेक्षा भारी निघालं.

वादातल्या रकमेचं बिल न काढण्यामागे जीएसटीचंही कारण आहे. बिल काढलं की त्यावरचा 18 टक्के कर पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला आपल्याला भरावाच लागतो, पैसे येवोत न येवोत. 7 लाख 12 हजारांवरचे 1 लाख 28 हजार 160 रुपये आम्ही फेब्रुवारीत खिशातून भरले. पगार दोन हप्त्यांत का झाला, ते आता कळलं असेल. अर्थात बिल कधी काढायचं हे आपल्या सीएला विचारूनच ठरवा, कारण सेवा पूर्ण झाल्यावर बिल फार लांबवणंही कायद्यात बसत नाही.

मग 3 मार्चला दुसरं पत्र गेलं. शाखेला, विभागीय कार्यालयाच्या अकाउंट्सला आणि मुख्य कार्यालयात ब्रोकरांचं काम बघणाऱ्या विभागाला. मूळ पत्र इंग्रजीत होतं, इथे मराठीत सांगतो.

"विषय: ऑक्टोबर ते डिसेंबर 2024 चे ब्रोकरेज.

आमचे आधीचे पत्र आम्ही मागे घेत आहोत. त्यातील रकमेत 40,000 रुपये को-इन्शुरन्सच्या दुसऱ्या कंपनीच्या वाट्याचे होते, ती चूक आमची होती.

एक. आपल्या 6 जानेवारीच्या स्टेटमेंटप्रमाणे 7,12,000 रुपये ब्रोकरेज देय आहे. त्याचे 8,40,160 रुपयांचे बिल आपणास 8 जानेवारीला मिळाले असून त्यावर आपली हरकत नाही. आपण कापलेला 71,200 रुपये टीडीएस आमच्या 26AS मध्ये दिसतो, त्याची प्रत जोडली आहे. उरलेले 7,68,960 रुपये 22 फेब्रुवारीपासून मुदतबाह्य आहेत. पुढील दोन मुद्द्यांची वाट न पाहता ही रक्कम 15 मार्चपर्यंत द्यावी. आम्ही नोंदणीकृत लघु उद्योग आहोत आणि उशिरावरील व्याजाचा आमचा हक्क राखून ठेवत आहोत.

दोन. सोबतच्या मालवाहतूक पॉलिसीत मध्यस्थाच्या जागी चुकून डायरेक्ट अशी नोंद झाली आहे. ग्राहकाचे मँडेट लेटर, आमची मागणी आणि आपले कोटेशन जोडले आहे. दुरुस्तीचे एन्डोर्समेंट काढावे आणि 96,000 रुपये पुढील स्टेटमेंटमध्ये घ्यावेत.

तीन. सोबतच्या ग्रुप मेडिक्लेम पॉलिसीत दराबाबत मतभेद आहे. आपल्या अधिकाऱ्यांचा 22 ऑक्टोबरचा मेल आणि 4 नोव्हेंबरचे ग्रिड जोडले आहे. या फरकाचे, म्हणजे 92,000 रुपयांचे, बिल आम्ही काढलेले नाही. दर निश्चित करण्याचा अधिकार ज्यांना आहे, त्यांच्याशी बैठक ठरवावी."

बस, एवढंच. दीड पान आणि सोबत जोडलेले कागद.

यात रिन्युअल दुसरीकडे नेण्याची धमकी नाही, हे लक्षात आलं असेल. ती मी काढायला लावली नाही, सरांनीच काढली. म्हणाले, "रागात लिहून गेलो. पॉलिसी कुठे ठेवायची हे ग्राहकाच्या हिताने ठरतं, आपल्या येण्याने नाही. उद्या क्लेमच्या वेळी ग्राहकाने विचारलं की कंपनी का बदलली, तर काय सांगणार?" ब्रोकर ग्राहकाचा असतो, असं मी सुरुवातीला म्हटलं ते याचसाठी. तसंच, ग्राहकाचा चेक आपल्या हातात आला तर तो आपल्या येण्यापोटी अडकवून ठेवायचा विचारही करायचा नाही. विमा कायद्याच्या कलम 64VB प्रमाणे प्रीमियम पोचल्याशिवाय जोखीम सुरूच होत नाही. तुमच्या भांडणात कुणाचा तरी कारखाना विम्याशिवाय राहील.

दुसरी एक गोष्ट लोक विचारतात, इर्डाकडे किंवा विमा लोकपालाकडे तक्रार का नाही केली? लोकपाल आणि बीमा भरोसा पोर्टल पॉलिसीधारकांच्या तक्रारींसाठी आहे. ब्रोकरच्या येण्याची वसुली ते करत नाहीत. आमच्यासारख्यांसाठी खरी वाट म्हणजे एमएसएमई कायद्याखालची फॅसिलिटेशन कौन्सिल. तिथे आधी समेटाचा प्रयत्न होतो, मग लवाद. निकाल विरुद्ध गेला आणि देणाऱ्याला त्याला कोर्टात आव्हान द्यायचं असेल, तर आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते. मात्र उद्यम नोंदणी व्यवहाराच्या आधीची हवी. भांडण झाल्यावर नोंदणी करून मागच्या तारखेचा फायदा मिळत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2022 मध्ये सांगितलंय.

मग काय झालं? 21 मार्चला 7 लाख 68 हजार 960 रुपये खात्यात आले, एकरकमी. तारखेलाही अर्थ आहे. 31 मार्चला विमा कंपन्यांचं वर्ष संपतं, ऑडिटर देण्यांची यादी मागतात, आणि 26AS जोडलेलं पत्र फाईलमध्ये असेल तर ते देणं "तपासणी चालू" म्हणून दाखवणं अवघड होतं. व्याज त्यांनी दिलं नाही, महिन्याचं ते साधारण साडेबारा हजार होत होतं. सरांनी मागितलंही नाही.

मालवाहतुकीच्या पॉलिसीचं दुरुस्तीचं एन्डोर्समेंट एप्रिलमध्ये निघालं आणि 96 हजार पुढच्या स्टेटमेंटमध्ये आले. को-इन्शुरन्सच्या दुसऱ्या कंपनीला वेगळं पत्र लिहिलं, त्यांनी 40 हजार न कुरकुरता दिले, कारण आम्ही ते मागितलेच नव्हते म्हणून पडून होते.

92 हजार अजून आलेले नाहीत. बैठक झाली. त्यांचं म्हणणं असं की 22 ऑक्टोबरचा मेल शाखेच्या अधिकाऱ्याचा होता आणि साडेसात टक्के देण्याचा अधिकार मुख्य कार्यालयालाच आहे. आम्ही म्हणतो, आम्हाला ते कसं कळणार, तुमच्याच माणसाने तुमच्याच मेलवरून लिहिलंय. हा मुद्दा कौन्सिलकडे गेला तर निकाल कुठल्याही बाजूने लागू शकतो, हे सरांनाही माहीत आहे. पण 92 हजारांसाठी आता 7 लाख अडकून नाहीत. ते भांडण आम्ही सावकाश करू शकतो.

त्यानंतर मी रजिस्टरमध्ये तीन कॉलम वाढवले. को-इन्शुरन्समधला वाटा, पॉलिसीवर छापलेला मध्यस्थ कोड, आणि दर कुणी, कुठल्या तारखेला, कुठल्या अधिकाराने कबूल केला. पॉलिसीची पीडीएफ आली की त्याच दिवशी कोड तपासायचा, स्टेटमेंट येईपर्यंत थांबायचं नाही. तिसरा कॉलम रिकामा असेल तर सिस्टीम रिन्युअलची नोंद पुढे जाऊच देत नाही. सुरुवातीला सगळे वैतागले. परवा मात्र ताई एका कंपनीच्या माणसाला फोनवर सांगताना ऐकू आल्या, "दर मान्य आहे हो, पण हेड ऑफिसचा मेल येऊ दे. आमचं सॉफ्टवेअर ऐकत नाही."

चला, आज इथेच थांबतो. तुमच्या येण्याचा एखादा आकडा कुठे अडकला असेल तर आधी त्याचे ढीग करून बघा, पत्र नंतर लिहा. भेटू पुढच्या भागात.